देवगावच्या तहाचं ‘काहून’

दारव्ह्याच्या शाळेत मी १९५९ साली इतिहास शिकवायला लागले. माझं माहेर यवतमाळचं. बी.टी. अमरावतीला झालं, आणि पहिलीच नोकरी ही. यवतमाळहून छोट्या रुळांच्या आगगाडीनं दारव्ह्याला उतरले तेव्हा शाळेत मी एकटीच बाई होते. मॅट्रिकच्या वर्गाला इतिहास शिकवणारे मास्तर त्याच उन्हाळ्यात अकोल्याला गेले होते. त्यामुळे पाचवी-सहावीचे वर्ग मिळतील या हिशेबानं आलेल्या मला मुख्याध्यापकांनी मॅट्रिकची अकरावी देऊन टाकली.

“बाई, पोरं हुशार आहेत,” ते म्हणाले. “पाठांतर तर असं, की ऐकत राहावं. पण इतिहासात मार्क पडत नाहीत. काहून पडत नाहीत, ते तुम्ही पाहा.”

मुख्याध्यापक अंगानं धिप्पाड, बंद गळ्याचा कोट घालणारे, आणि बोलायला लागले की कोटाला न शोभणारं अस्सल वऱ्हाडी बोलणारे. त्यांनी सहज टाकलेला तो प्रश्न माझी पुढची सगळी वर्षं व्यापून राहील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

पहिल्या चाचणीत मी एक प्रश्न घातला: दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात नागपूरकर भोसल्यांचा लढा देवगावच्या तहानं का संपला? मुद्दाम आपल्या भागातला प्रश्न घेतला होता. हे देवगाव इलिचपूरच्या, म्हणजे अचलपूरच्या बाजूचं. त्याआधीची मोठी लढाई अकोल्याकडच्या अडगावची. आणि ज्या गाविलगडावर युद्धाचा शेवट झाला, तो चिखलदऱ्याला गेलेल्या कुणीही पाहिलेला. मला वाटलं, पोरं खूश होऊन लिहितील.

लिहिलंही. पानंच्या पानं लिहिली. पेशव्याचा पुण्याजवळ पराभव झाला, तो इंग्रजांकडे पळाला, वसईचा तह झाला, शिंदे आणि भोसले चिडले, अहमदनगरचा किल्ला पडला, असईला लढाई झाली, अडगावला झाली, गाविलगड पडला. मग देवगावचा तह झाला, भोसल्यांचा कटक प्रांत गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला, नागपूरला इंग्रज वकील बसला, मराठ्यांची सत्ता खिळखिळी झाली. सगळं खरं. एकही सन चुकलेला नाही. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीची उत्तरपत्रिका तर पाहत राहावी अशी. तिचे वडील बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे, आणि त्यांच्या मोहल्ल्यातून मॅट्रिकपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी होती. तिचं अक्षर म्हणजे छापलेलं. मी ते उत्तर दोनदा वाचलं आणि दहातले तीन दिले.

दुसऱ्या दिवशी मी पेपर वाटले. मुली पहिल्या बाकावर, चौघीच होत्या. घड्याळवाल्यांची मुलगी उत्तरपत्रिका उलटसुलट करून पाहत होती. शेवटी उभी राहिली.

“बाई, याच्यात चुकलं काय?”

“काहीच चुकलेलं नाही.”

“मग सात मार्क काहून गेले?”

“तू आत्ता मला विचारलंस, सात मार्क काहून गेले,” मी म्हटलं. “मी जर तुला सांगितलं की चाचणी सोमवारी झाली, तू निळ्या शाईनं लिहिलंस, आणि मार्क गेल्यामुळे तुझा पहिला नंबर हुकला, तर चालेल?”

ती हसली नाही. म्हणाली, “नाही जी. ते तर उत्तरच नाही.”

“पण यातलं खोटं काय आहे?”

ती उभीच राहिली. तिचं डोकं चालू झालेलं मला चेहऱ्यावर दिसत होतं. नंतरच्या आयुष्यात मी पुष्कळ मुलं शिकवली, पण एखादी गोष्ट पटण्याच्या आधीचा तो कपाळावरचा ताण इतक्या स्वच्छपणे मी फार थोड्यांच्या चेहऱ्यावर पाहिला.

त्या दिवशी मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. पोरांनाच विचारलं की तुमच्या गावात कुणाचं भांडण झालं आणि मिटलं, असं एखादं सांगा. एकजण म्हणाला, त्याच्या काकाचं शेजारच्याशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण झालं होतं. शेजाऱ्याचा बैल काकाच्या पऱ्हाटीत, कपाशीच्या उभ्या पिकात, शिरला, तिथून सुरू. काठ्या निघाल्या, दोघांची डोकी फुटली.

“आणि मिटलं कसं?”

“पेरणी तोंडावर आली ना बाई. शेजाऱ्याचा एक बैल मेला होता, काकाची विहीर आटली होती. मग चार लोक बसले. काकानं बैल द्यायचा, त्यानं पाणी द्यायचं, अन् धुरा जिथं होता तिथंच.”

“आता सांग, भांडण काहून सुरू झालं?”

“बैल शिरला म्हणून.”

“काहून मिटलं?”

“पेरणी आली म्हणून. दोघांचंही अडलं होतं म्हणून.”

“आणि बैलाच्या बदल्यात पाणी, हेच काहून ठरलं? बैलाच्या बदल्यात ज्वारी काहून नाही?”

“कारण काकाले ज्वारी नाही, पाणी पाहिजे होतं,” तो म्हणाला, आणि वर्ग हसला. पण त्या हसण्यात मागच्या बाकांवरून कुणीतरी हळूच म्हणालं, “अबे, म्हणजे सुरू व्हायचं कारण वेगळं अन् मिटायचं वेगळं.”

मी त्या आवाजाकडे पाहिलं. तो मागच्या बाकावरचा मुलगा होता. दारव्ह्याच्या बाहेरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरून रोज पायी यायचा. घरी गोरबोली बोलायचा, शाळेत वऱ्हाडी, आणि लिहायला लागला की पुस्तकी मराठी. तीन भाषांमुळे म्हणा की स्वभावानं म्हणा, तो प्रत्येक वाक्य बोलायच्या आधी तोलून पाहायचा.

मग आम्ही देवगावला आलो. मी विचारत गेले, पोरं सांगत गेली. वसईचा तह कशाचं कारण? युद्धाचं. युद्ध संपण्याचं? नाही. तो झाला म्हणून तर लढाया सुरू झाल्या, तो शेवटी तसाच कायम राहिला. मग युद्ध कशानं संपलं? अडगावला हार झाली, गाविलगड पडला, तिकडे कटक आधीच इंग्रजांच्या हातात गेलं होतं, आणि शिंद्यांनी आपली वेगळी युद्धतहकुबी करून टाकली होती. भोसल्यांजवळ लढत राहायला बळ उरलं नाही, आणि सोबतही उरली नाही.

“बाई,” एकानं विचारलं, “गाविलगड पडला ही तर घटना आहे. ती कारण कशी?”

प्रश्न चांगला होता, आणि खरं सांगते, त्याचं उत्तर देताना मलाही ते नव्यानं कळलं. म्हटलं, घटनेच्या कपाळावर घटना असं लिहिलेलं नसतं. तुम्ही नुसतं सांगितलं की अमुक दिवशी गड पडला, तर ती हकीकत. तुम्ही सांगितलं की गड पडल्यामुळे भोसल्यांचा शेवटचा भरवसा गेला आणि म्हणून त्यांनी तहाला होकार दिला, तर तीच गोष्ट कारण होते. तो ‘म्हणून’ तुम्ही लिहायला पाहिजे. तुमच्या उत्तरांत लढायांची रांग आहे, पण एकेका लढाईनं भोसल्यांच्या मनात काय बदललं ते कुठंच नाही.

पुढचा आठवडा आम्ही त्या एका प्रश्नावर घालवला. शेजारच्या वर्गातले गणिताचे मास्तर मला म्हणाले, “बाई, या वेगानं तुम्ही विसाव्या शतकात कधी पोचणार?” पण पोरांना नाद लागला होता. आता ती तहाच्या कलमांच्या मागे लागली. कटकच काहून मागितलं? कारण बंगाल आणि मद्रास या इंग्रजांच्या दोन मुलुखांच्या मध्ये समुद्रकाठानं तेवढाच तुकडा भोसल्यांचा होता. वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख काहून? कारण निजाम त्यांच्या बाजूनं होता, त्याला काहीतरी द्यायचं होतं, आणि या मुलुखाच्या वसुलात त्याचा वाटा आधीपासूनच होता. फ्रेंच माणूस नोकरीत ठेवायचा नाही हे कलम काहून? कारण तेव्हा इंग्रजांचं फ्रेंचांशी युद्ध चालू होतं.

“वर्धेच्या पश्चिमेचा म्हणजे आपलं दारव्हा?” कुणीतरी विचारलं.

“दारव्हा, यवतमाळ, केळापूर, सगळंच.”

वर्गात एकदम चुळबुळ झाली. ही पोरं जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात जन्मली होती, मधेच मुंबई राज्यात आली होती आणि आता महाराष्ट्र होणार असं घरोघर बोललं जात होतं. नकाशावरची रेघ हलली की काय होतं ते त्यांना पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

घड्याळवाल्यांच्या मुलीनं त्याच दिवशी उभं राहून मला अडवलं. “बाई, कटक घेतल्यामुळे इंग्रजांचे दोन मुलूख जोडले गेले. हा परिणाम की कारण?”

“तुला काय वाटतं?”

“त्यांले जोडायचे होते म्हणून त्यांनी मागितलं, तेव्हा ते कारण. अन् मग खरंच जोडले गेले, तो परिणाम. पण बाई, समजा मागितलं असतं अन् जोडले गेले नसते, तरी मागायचं कारण तेच राहिलं असतं.”

मी तिला बसायला सांगायचंही विसरले. तिच्या वयाची असताना मला हे सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तर बोलायची हिंमत झाली नसती.

तांड्यावरच्या मुलाची गोष्ट वेगळी. तो एका दुपारी शाळा सुटल्यावर स्टाफरूमच्या दाराशी आला. त्याला सांगायचं होतं, पण सुरुवात होईना. शेवटी म्हणाला, “बाई, त्या लढायांत आमची माणसं होती.”

त्याच्या आजानं त्याला सांगितलं होतं. आजाच्या आजाच्या काळात त्यांचे लोक बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलुखभर फिरायचे. त्या बैलांच्या तांड्याला ते लदेणी म्हणत. फौज जिथं जाईल तिथं मागून लदेणी जायची. शिपायाच्या पोटात जाणारी ज्वारी आणि घोड्याचा हरभरा बंजाऱ्यांच्या बैलांवरून यायचा.

“पुस्तकात आमचं काहीच नाही,” तो म्हणाला. “तहाच्या उत्तरात मी ते लिहू काय? दाणा नसता तर फौज गाविलगडापर्यंत पोचली नसती. मग ते कारणच झालं ना?”

त्याचे डोळे चमकत होते. मला हो म्हणायचं होतं. तो एवढा लांबून पायी येतो, पुस्तकात त्याच्या लोकांचं नाव नाही, आणि ही गोष्ट खरीही होती. फौजांना धान्य पुरवणारे बंजारे होते, हे मी स्वतः वाचलेलं होतं. पण मी त्याला फक्त विचारलं, “प्रश्न काय आहे?”

“तह काहून झाला.”

“मग तुझं वाक्य त्या प्रश्नापुढे ठेवून पाहा. मी सांगणार नाही. तूच ठरव, आणि जे ठरवशील त्याचं कारण मला दे.”

तो गेला. मला वाटलं नाराज झाला. दोन-तीन दिवस तो वर्गात गप्प होता. मग एकदा वर्गातच त्यानं हात वर केला.

“बाई, मी आजाले विचारलं. म्हटलं, आपण कोणाकडून होतो? तर तो म्हणे, जो दाम देई त्याले दाणा. इकडच्यालेही अन् तिकडच्यालेही.” मग तो तोलून तोलून बोलायला लागला. “म्हणजे दाणा नसता तर युद्धच चाललं नसतं, हे खरं. पण दाणा दोन्हीकडं होता. जी गोष्ट दोन्हीकडं सारखी आहे, तिच्यावरून एकच बाजू काहून हारली हे निघत नाही. अन् कटकच काहून मागितलं हे तर अजिबात निघत नाही. तर मी ते या उत्तरात नाही लिहिणार.”

तो बसायला लागला, मग पुन्हा उठला. “पण जर विचारलं, की त्या काळी फौजा एवढ्या लांब कशा जात होत्या, तर मी पहिल्या ओळीत लिहीन.”

आता लिहितानाही मला तो दिवस तसाच आठवतो. आपल्या पूर्वजांचा अभिमान आणि प्रश्नाचा प्रामाणिकपणा, दोन्ही त्यानं हातात धरलं आणि एकापायी दुसरं खोटं पडू दिलं नाही. मी मोठमोठ्या माणसांना हे जमलेलं पाहिलेलं नाही. मी टेबलाला टेकून उभी होते. मला त्याचा अभिमान वाटला, आणि लगेच स्वतःचाही वाटला. ते मी लपवणार नाही.

हिवाळ्यात तपासणी आली. जिल्ह्याचे तपासनीस साहेब जीपनं आले. त्यांनी दप्तरं पाहिली, हजेरी पाहिली, आणि मॅट्रिकच्या वर्गाला इतिहास एक तरुण बाई शिकवते हे कळल्यावर म्हणाले, “वर्ग पाहू.” मुख्याध्यापक माझ्याकडे न पाहता पुढे चालायला लागले. त्यांनी कोटाची गळ्याची गुंडी लावली, तेव्हाच मला कळलं की तेही घाबरले आहेत.

साहेब खुर्चीवर बसले. वर्गाला म्हणाले, “सालबाईचा तह का झाला? कोण सांगेल?”

सालबाई हा पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा तह, देवगावच्या वीस-एक वर्षं आधीचा. मी तो शिकवला होता, पण देवगावसारखा पिंजून काढला नव्हता. हात वर आले नाहीत. साहेबांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं.

मग घड्याळवाल्यांची मुलगी उठली.

“साहेब, युद्ध काहून सुरू झालं ते विचारलं की काहून संपलं ते?”

साहेबांच्या भुवया वर गेल्या. “तह का झाला असं विचारलं.”

“हो जी. म्हणजे संपलं ते.” तिनं ओढणी सावरली. “सुरू तर पेशवाईच्या गादीच्या भांडणावरून झालं होतं. गादीवर हक्क सांगणारा काका इंग्रजांकडे गेला होता. पण ते तहाचं कारण नाही. उलट तहात इंग्रजांनी त्याची बाजूच सोडून दिली.”

“मग तहाचं कारण काय?”

“एक म्हणजे इंग्रजांवर दक्षिणेत म्हैसूरची फौज चालून आली होती. तिकडे त्यांचा मोठा पराभव झाला होता. दोन्हीकडे लढायला पैसा अन् माणसं पुरत नव्हती. कोकणातून पुण्यावर चढायचं तेही जमलं नाही, मागं यावं लागलं. अन् शिंद्यांचा ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनी घेतला होता, तेव्हा त्यांलेही आपला उत्तरेतला मुलूख सांभाळायचा होता. म्हणून शिंदेच मधे पडले.”

तिचा आवाज सुरुवातीला बारीक होता, तो आता वर्गभर ऐकू येत होता. साहेब पुढे झुकले होते. “ठीक. आणि कलमं?”

यावर मागून तांड्यावरचा मुलगा उठला. परवानगी न घेता उठला, आणि मला त्याला बसवायचं धाडस झालं नाही. “कोणीच पुरतं जिंकलं नव्हतं, साहेब. म्हणून जिंकलेला बहुतेक मुलूख परत करायचं ठरलं. साष्टी मात्र इंग्रजांनी सोडली नाही, कारण ती मुंबईच्या अगदी लागून आहे.”

साहेब हसले. मला वाटलं सुटलो. पण ते म्हणाले, “आणि मुख्य कारण राहिलंच की. या तहामुळे इंग्रज आणि मराठे यांच्यात वीस वर्षं शांतता नांदली. इंग्रजांना ही शांतता हवी होती, म्हणून तह झाला. पुस्तकात दिलेलं आहे.”

वर्ग माझ्याकडे पाहायला लागला. मी खिडकीकडे पाहिलं. साहेबांना मी काय म्हणणार? पण मुलगा अजून उभा होता.

“साहेब, शांतता पाहिजे होती हे बरोबर,” तो सावकाश म्हणाला. “पण वीस वर्षं हे नंतर झालं. तह करणाऱ्यांले वीस वर्षं माहीत नव्हती.”

मुख्याध्यापकांचा हात कोटाच्या गुंडीवर गेला. साहेबांनी खुर्ची मुलाच्या दिशेनं वळवली. मग त्यांनी मुलाला विचारलं, “मग वीस वर्षं कुठं लिहायची?”

“परिणामात, साहेब. प्रश्नात परिणाम विचारले असतील तर.”

“आणि विचारले नसतील तर?”

“तर नाही लिहायची.”

साहेब खुर्चीवरून उठले. दाराशी पोचल्यावर मागे वळून मला म्हणाले, “बाई, तुम्ही यांना भांडायला शिकवलंत.” मी काही बोलायच्या आत मुख्याध्यापक म्हणाले, “नाही साहेब. विचारलेल्याचं उत्तर द्यायले शिकवलं.” मी त्या माणसाला तोवर नुसतं मानत होते. त्या वाक्यानंतर माझा त्यांच्यावर जीव जडला, मोठ्या भावावर जडावा तसा. साहेबांनी शेऱ्यात वर्गाचं कौतुक लिहिलं, माझं काही लिहिलं नाही. मुख्याध्यापकांना त्याचा माझ्यापेक्षा जास्त राग आला.

मार्चमध्ये मॅट्रिकचा पेपर झाला. त्यात देवगाव नव्हतं, सालबाईही नव्हती. टिळकयुगावर टिपा लिहा, आणि अठराशे सत्तावनचे परिणाम सांगा. पोरं पेपर देऊन आली तेव्हा हिरमुसली होती. पण तांड्यावरचा मुलगा म्हणाला, “बाई, परिणाम विचारले होते. मी कारणं एक ओळही नाही लिहिली. काडतुसं मनात लई येत होती.” निकाल लागला तेव्हा इतिहासात वर्गातलं कुणीच नापास नव्हतं. असं त्या शाळेत आधी झालं नव्हतं, असं मुख्याध्यापक जो भेटेल त्याला सांगत फिरले. तोपर्यंत एक मे होऊन गेला होता आणि आम्ही महाराष्ट्रात होतो.

घड्याळवाले शाळेत पेढे घेऊन आले. पांढरी टोपी, हातात पुडा, आणि दाराशीच थांबलेले. म्हणाले, “बाईजी, हमारे घर में मॅट्रिक पहिल्यांदा झालं. तुम्ही सांगा, आता पुढं काय?” मी सांगितलं, यवतमाळला कॉलेजात घाला. त्यांचे भाऊ नको म्हणत होते, मोहल्ल्यातली माणसं कुजबुजत होती. पण त्यांनी घातली. तांड्यावरचा मुलगा ग्रामसेवक झाला. महागावच्या बाजूला त्याची नेमणूक झाली, आणि पुढे कितीतरी वर्षं तो दिवाळीला घरच्या कापणीची ज्वारी घेऊन यायचा. मी नको म्हटलं तरी ओट्यावर ठेवून निघून जायचा.

१९६६ साली घड्याळवाल्यांच्या मुलीचं पत्र आलं. ती दिग्रसच्या शाळेत शिकवायला लागली होती. लिहिलं होतं, बाई, एकदा वर्ग पाहायला या. मी रजा टाकून एस.टी.नं गेले. तिनं मला मागच्या बाकावर बसवलं. मुलांना वाटलं मी तपासणीला आले आहे, सगळी ताठ बसली.

ती पहिल्या महायुद्धाचा शेवट आणि व्हर्सायचा तह शिकवत होती. बोलणं तेच, अक्षर फळ्यावरही छापलेलं. मला वाटलं होतं आता ती माझंच सगळं उलगडून सांगेल आणि मी मनातल्या मनात खूश होऊन बसेन. तिनं तसं केलं नाही. तिनं फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारली. म्हणाली, “तहावर दोघांच्या सह्या असतात. म्हणून ‘काहून’ दोनदा विचारायचं. हरलेल्यांनी सही काहून केली, अन् जिंकलेल्यांनी तीच कलमं काहून मागितली. दोन्हीचं उत्तर वेगळं निघतं. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या बाजूला लिहाल तर मार्क कापीन.”

मग डावीकडे जर्मनीची उपासमार, खचलेली फौज, घरातली बंडाळी, उजवीकडे फ्रान्सची भीती आणि नुकसान, असं ती पोरांकडून काढून घेत गेली. एका मुलीनं दुसरं महायुद्ध उजवीकडे लिहायला सांगितलं, तेव्हा सगळा वर्ग ओरडला, “नंतरचं! नंतरचं!” आणि ती मुलगी स्वतःच हसून खाली बसली.

ती उभी रेघ मी कधी मारली नव्हती. सात वर्षं देवगाव शिकवताना मी भोसल्यांनी होकार काहून दिला आणि इंग्रजांनी कटक काहून मागितलं हे दोन्ही सांगत आले, पण ते दोन वेगळे प्रश्न आहेत असं मुलांसमोर कधी मांडलं नाही. तिनं ते स्वतः शोधलं होतं.

तास संपल्यावर ती माझ्याजवळ आली. कपाळावर तोच ताण. “बाई, चुकलं काय?”

मी म्हटलं, “नाही गं. उद्यापासून मी तुझी रेघ माझ्या वर्गात मारणार आहे.”

तिचा चेहरा उजळला, आणि मग ती शाळकरी मुलीसारखी लाजली. मधल्या सुटीत तिनं मला घरी नेलं. तिच्या नवऱ्याचं बाजारात किराण्याचं दुकान होतं, त्यानं आतून येऊन नमस्कार केला आणि म्हणाला, “ही रोज तुमचं नाव घेते, बाई. आम्ही घरात भांडलो तरी विचारते, सुरू काहून झालं ते नको सांगू, आता काहून मिटवायचं ते सांग.” आम्ही तिघंही पोट धरून हसलो. मग तिनं गरम गरम भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली, आणि मी जेवत असताना समोर बसून पुढच्या आठवड्याच्या धड्याबद्दल मला प्रश्न विचारत राहिली.